मास्तरांनी घर बेतलं

आमच्या वन्संना सगळा रस्ता 'मास्तर' म्हणतो. लहान मुलं म्हणतात, पोस्टमन म्हणतो, समोरचा औषधवाला म्हणतो. बाईमाणसाला मास्तर म्हणतात म्हणून नवख्याला हसू येतं. पण एकदा वन्संनी त्याच्या खांद्यावर टेप टाकली आणि "श्वास सोडा, पोट आत घेऊन माझी फसवणूक करू नका" म्हटलं, की तोही मास्तरच म्हणायला लागतो.

माझे सासरे शिंपी होते. रस्त्याला लागून दुकान, दुकानामागे दोन खोल्या, दुकानाच्या कोपऱ्यातून वर जाणारा लाकडी जिना, वर तीन खोल्या, त्यावर गच्ची, गच्चीत पाण्याची टाकी. एवढं घर त्यांनी कपडे शिवून उभं केलं. त्यांना तीन मुलं: थोरल्या वन्सं, मधले आमचे हे, धाकटे भाऊजी. मुलगे शिकून नोकरीला लागले. वन्सं काज-बटण करता करता कॉलर बसवायला शिकल्या, मग बाही, मग कोट. लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायच्या, "मापात बसणारा मिळाला नाही. ऑल्टर करून घ्यायला मला वेळ नाही."

सासरे गेले, मग सासूबाई गेल्या. मृत्युपत्र कोणीच केलेलं नव्हतं. घर तिघांचं झालं, म्हणजे सगळं सगळ्यांचं आणि वेगळं असं कोणाचंच काही नाही. दुकान वन्सं चालवत होत्या, मागे आम्ही, वर भाऊजी आणि माझी धाकटी जाऊ. कित्येक वर्षं असंच चाललं होतं. मी रोज सकाळी देवाजवळ दिवा लावायचे तेव्हा सगळ्यांच्या नावानं एकदमच नमस्कार करायचे, वेगवेगळा करायचं कधी सुचलं नाही.

आणि मग एका दुपारी वकिलाची नोटीस आली. तीही वरच्या मजल्यावरून!

म्हणजे आली पोस्टानंच. पोस्टमननं दोन पाकिटं दिली, एक वन्संना, एक ह्यांना. पाठवणारे आमचेच भाऊजी. ज्यांच्या चहाचा कप तेव्हा माझ्या मोरीत विसळायला पडला होता, ते!

वन्संनी सुई तोंडातून काढली आणि जिन्याकडे बघून हाक मारली, "अरे ए धाकट्या! जिना उतरून सांगायला पाय दुखत होते का? पोस्टाला कशाला त्रास दिलास?"

भाऊजी खाली आले. चेहरा पडलेला, पण मागे हटायचं नाही असं ठरवून आलेले. म्हणाले, "ताई, किती वेळा सांगितलं. मला माझा वाटा वेगळा करून हवाय. माल ठेवायचा धंदा सुरू करायचाय. बँक म्हणते, घर तिघांचं आहे, तिघांच्या सह्या आणा, नाहीतर तुमचा वेगळा हिस्सा दाखवा. तू दर वेळी म्हणतेस, दिवाळं निघेल, नोकरी कर. दादा म्हणतो, बघू. त्या 'बघू'ला आता दाढी आली!"

"मग दावा लावणार?"

"वाटणी करून दिली तर कशाला लावीन? नाही दिली तर लावीन."

धाकटी जिन्यात उभी होती. ती हळूच मला म्हणाली, "जाऊबाई, आम्हाला भांडायचं नाहीये हो." घरावर दावा! मी मनातल्या मनात देवाला म्हटलं, काहीही कर, पण भावंडांना कोर्टाच्या पायरीवर नेऊ नकोस. मोठ्यानं म्हटलं असावं, कारण वन्सं म्हणाल्या, "देवाला मध्ये घालू नकोस गं, तो काय सहहिस्सेदार आहे? आधी त्या वकीलबाईला भेटू. नोटिशीत लिहिलंय ना, बोलायची तयारी आहे म्हणून?"

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून आम्ही सगळे गेलो. वन्संनी दुकान बंद ठेवलं हीच रस्त्यावर बातमी झाली. औषधवाला विचारता झाला, "मास्तर, कोणी गेलं का?"

"अजून नाही," वन्सं म्हणाल्या. "बघायलाच चाललोय."

वकीलबाईंची खोली फायलींनी एवढी भरलेली होती, की आम्ही पाच जण बसल्यावर पंख्याचा वारासुद्धा चोरून आत येत होता. बाई भाऊजींच्या वकील; पण बोलल्या सरळ. आधीच सांगितलं, "मी यांची बाजू बघते. तुम्ही दोघांनी सही करण्याआधी कागद तुमच्या वकिलाला जरूर दाखवा." मग पहिला प्रश्न, "तुम्हा तिघांखेरीज आणखी कोणी वारस?"

"नाही," हे म्हणाले.

"नक्की? एखादा जरी हिस्सेदार बाहेर राहिला आणि त्याला न विचारता वाटणी केली, तर तो उद्या येऊन सगळी वाटणी पुन्हा उघडायला लावू शकतो."

"आम्ही तिघंच. आणि तिघंच पुरे झालोय," वन्सं म्हणाल्या.

"तर मग तिघांचे सारखे हिस्से. बहीण म्हणून कमी नाही, दुकान चालवते म्हणून जास्त नाही." बाईंनी दोन बोटं पुढे धरली. "दोन रस्ते आहेत. एक, आपसांत ठरवा. कोणाला काय जाईल ते लिहा, नकाशा जोडा, तिघांनी सह्या करा, मुद्रांक भरून नोंदणी करा. वाटणीपत्र झालं. पण तिघांचीही संमती पाहिजे. एक जरी अडला, तर कागद होत नाही. दुसरा रस्ता, दावा. त्याला कोणाची संमती लागत नाही. एक हिस्सेदार उठून मागू शकतो, तो त्याचा हक्कच आहे."

"आणि मग?" वन्संनी विचारलं.

"मग कोर्ट आधी एवढंच ठरवतं की कोणाचा किती हिस्सा. ते तर आत्ताच आपल्याला माहीत आहे. त्यानंतर कोर्टाचा कमिशनर घरी येतो, मापं घेतो, कसं वाटता येईल ते लिहून देतो. त्यावर हरकती, त्यावर सुनावण्या, मग शेवटचा हुकूम. यात वर्षं जातात. आणि कमिशनरला वाटलं की घर लहान आहे, तीन सोयीचे तुकडे पडतच नाहीत, तर विक्रीची पाळी येऊ शकते. तुमच्यापैकी कोणी किंमत देऊन बाकीच्यांचे हिस्से घेतले तर ठीक. नाहीतर लिलाव, आणि पैसे तिघांत."

मी वन्संकडे पाहिलं. त्यांच्याकडे घर विकत घेण्याइतकी शिल्लक नव्हती, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. लिलाव झाला तर ह्यांची नोकरी राहील, भाऊजींना धंद्याला भांडवल मिळेल. आणि वन्संचं दुकान जाईल. भाड्याच्या गाळ्यात नवी पाटी लावून, या वयात, पहिल्या गिऱ्हाइकापासून सुरुवात.

वन्संनी नोटिशीची घडी घातली. मग म्हणाल्या, "बाई, तो तुमचा कमिशनर मापं घेईल म्हणता. ते ठीक. पण अंगावर घालून बघेल का?"

"म्हणजे?"

"कपडा मापाचा असतो आणि तरी काखेत काचतो. घालून हात वर केल्याशिवाय कळत नाही."

बाई हसल्या. "नाही. घर अंगावर घालून बघायची सोय कोर्टात नाही. ती तुमच्याच हातात आहे." आणि भाऊजींकडे वळून म्हणाल्या, "दाव्याचा कागद मी तयार ठेवला आहे. पण माझं ऐकाल तर आधी घरी बसा. दावा लावल्यावरसुद्धा तडजोड करता येतेच, पण तोवर तोंडं फिरलेली असतात."

घरी आलो आणि दोनच बैठकांत वाटणी ठरली! खरं सांगते, मला तर उड्या मारायच्या बाकी होत्या. ह्यांनी पट्टी घेऊन सुरेख नकाशा काढला. रस्त्याकडचं दुकान वन्संना. मागच्या दोन खोल्या आणि मागचं दार आम्हाला. वरचा मजला गच्चीसकट भाऊजींना. वर जागा जास्त, पण रस्त्याची किंमत नाही, म्हणून तिन्ही भाग सारखे धरले. सगळ्यांना पटलं. धाकटीनं सगळ्यांना चहा केला, भाऊजींनी ताईच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. हे म्हणाले, "चला, उद्याच वकिलांकडे देऊ."

"उद्या नाही," वन्सं म्हणाल्या. "आठवडाभर थांबायचं."

"आता का?"

"कापडावर खडू मारला की मी लगेच कात्री लावत नाही. बाबांनी कधी लावली नाही. खडू पुसता येतो. तुमचा नोंदणीचा शिक्का पुसता येतो का?" आणि उठून त्यांनी शिंप्याचा निळा खडू घेतला, दोरी ताणून धरायला मला दुसऱ्या टोकाला बसवलं आणि ह्यांच्या नकाशाप्रमाणे अख्ख्या घरात रेघा मारल्या. दुकान आणि आमच्या खोल्यांमध्ये एक. जिन्याच्या पायथ्याशी एक. "ही भिंत समजायची. ज्याच्या कागदात जे लिहिलंय तेवढंच त्याचं. दुसऱ्याच्या हद्दीत पाय टाकायचा तर कागद दाखवायचा."

"ताई, हा पोरखेळ आहे," भाऊजी म्हणाले.

"ही ट्रायल आहे. मी फुकट करून देतेय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नमस्कार करून उठते न उठते तोच दुकानातून आरडाओरडा! धावत गेले. भाऊजी ऑफिसचे कपडे घालून जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभे, आणि खाली रेघेपाशी वन्सं, हातात टेप घेऊन, हवालदारासारख्या.

"कुठं निघालास?"

"ऑफिसला! कुठं जाणार?"

"माझ्या दुकानातून? कागद काढ."

भाऊजींनी खिशातून नकाशाची प्रत काढली. वाचली. उलटी करून वाचली. जिना उतरतो तो दुकानात, ट्रायलच्या पडद्यामागे. दुकान वन्संचं. भाऊजींना वरचा मजला दिला होता, गच्ची दिली होती, आणि तिथून रस्त्यावर यायचा रस्ता कोणीच दिला नव्हता! या घरात जन्मल्यापासून सगळे त्या पडद्यामागून ये-जा करत आले; ती वाट कोणाच्या मालकीची असते हे एकालाही सुचलं नाही. नकाशा काढणाऱ्या आमच्या ह्यांनाही नाही!

"मग मी काय वरच राहू जन्मभर?" भाऊजी ओरडले.

"टोपली सोड खिडकीतून. भाजी चढवू, पगार उतरवू."

मी पदर तोंडाला लावून हसले. पण हसू फार टिकलं नाही. भाऊजी तणतणत वर गेले आणि थोड्याच वेळात माझ्या मोरीतला नळ फुस्स करून बंद पडला. हात साबणानं माखलेले, अर्धी भांडी घासलेली. मी मागच्या दारी जाऊन वर ओरडले, "भाऊजी! पाणी!"

गच्चीतून डोकं बाहेर आलं. "वहिनी, गच्ची माझी. टाकी गच्चीत. तुमच्या कागदात पाणी लिहिलंय का?"

आता आमचे हे! एरवी मुंगीला वाट देणारा माणूस. ते मागच्या भिंतीपाशी गेले, जिथं अख्ख्या घराचं विजेचं मीटर आहे, आणि म्हणाले, "मीटर माझ्या हिश्श्यात." आणि खटका पाडला. दुकानातलं मोटारीचं मशीन अर्ध्या टिपेत बंद पडलं, वर धाकटीचा मिक्सर गप्प झाला.

मग वरून धाकटीचा आवाज आला, "अहो, तिघंही जिंकलात का? आता कोणीतरी हरा, माझी चटणी व्हायचीय!"

इतके हसलो आम्ही! वन्सं तर ट्रायलच्या स्टुलावर बसून डोळे पुसत होत्या. भाऊजी खाली आले, वन्संनी मोठ्या दिमाखात "आज तात्पुरती परवानगी" म्हणून सोडलं, आणि ते पळत सुटले. संध्याकाळी त्याच स्टुलाभोवती बसून सगळं मांडलं. ज्यावाचून कोणाचंच चालत नाही ते वाटायचंच नाही, तिघांच्या सामाईक मालकीचं ठेवायचं: जिना, टाकी, टाकीपर्यंत जायची वाट, नळाचे पाइप, सांडपाण्याची नळी, मीटरची भिंत. दुरुस्तीचा खर्च तिघांत सारखा. ह्यांनी सगळं लिहून काढलं. वकीलबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "हेच लोक लिहायला विसरतात, आणि दहा वर्षांनी माझ्याकडे येतात."

इथवर सगळं गोड होतं. घोडं अडलं ते पुढे.

भाऊजी म्हणाले, "जिना सामाईक ठीक. पण तो दुकानातच उतरतो. उद्या मी वर भाडेकरू ठेवला, तर तो ताईच्या पडद्यामागून जाणार? आत कोणी अर्धी विजार घालून उभा असताना? मला जिन्यापासून रस्त्यापर्यंत वेगळी बोळ पाहिजे. भिंत घालून, स्वतंत्र दार."

बोलणं खरं होतं. वन्संनाही ते पटलं, कारण त्या सरळ खडू घेऊन बोळीची रेघ मारायला लागल्या. रेघ जिन्यापासून निघाली, पडदा ओलांडला, आणि कटिंगच्या टेबलावर चढली.

ते टेबल सासऱ्यांनी करून घेतलेलं. जाड लाकूड, कडा कात्रीच्या मुठीनं गुळगुळीत झालेल्या. दुकानाच्या या भिंतीपासून जवळजवळ त्या भिंतीपर्यंत; एक माणूस जाईल एवढीच वाट उरते. त्याच्यावर कोटाचं अख्खं कापड एकदम पसरतं, घडी न घालता. म्हणूनच वन्संचा कोट पाठीवर एक सुरकुती पडू देत नाही. बोळ झाली, तर टेबल बसत नव्हतं.

हे म्हणाले, "उभं फिरवू." फिरवून पाहिलं. मशीनं दाराबाहेर जायची पाळी आली. "बोळ अरुंद करू." मग जिन्यावरून कपाट चढेना. प्रत्येक दिवशी नवी रेघ. दुकानाची जमीन निळी निळी होऊन गेली, आणि बोलणीही हळूहळू तशीच, एकावर एक.

"एका टेबलासाठी तू घर अडवून धरणार?" भाऊजी म्हणाले.

"ते टेबल नाही, माझा हात आहे."

"मग माझं काय? मी तुझ्या टेबलाच्या मापानं जगू?"

"इतकी वर्षं त्याच टेबलाच्या मापानं जगलास. तुझी फी त्याच्यावरच कापड कापून भरली."

हे बोलायला नको होतं. भाऊजी जिन्याकडे वळले. "ठीक. आठवडा झाला. उद्या मी दाव्यावर सही करतो. कोर्टाचा कमिशनर टेबल बघून रडणार नाही." आणि धाडधाड जिना चढले. धाकटी माझ्याकडे बघून मान हलवत त्यांच्या मागे गेली.

त्या संध्याकाळी मी देवापुढे बसले ती उठवेना. काय मागावं तेच कळेना. टेबल राहू दे म्हणावं तर बोळ जाते, बोळ होऊ दे म्हणावं तर वन्संचा हात जातो. शेवटी म्हटलं, तुला कळतंय ना, मग कर. वन्संकडे गेले तर त्या दुकानात एकट्याच, टेबलावर दोन्ही हात पसरून उभ्या होत्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वितीनं मापत. मी गुपचूप मागे फिरले.

सकाळी करवतीचा आवाज!

मी दुकानात आले तर सुतारदादा गुडघ्यावर बसलेले, आणि टेबलाच्या एका बाजूला निळी, सरळ, एकही वळण नसलेली रेघ. वन्संनी ती स्वतः मारली होती, आणि तिच्यावर हात फिरवत सुताराला बजावत होत्या, "रेघेच्या बाहेरून काप. आत आलास तर तुझा सदरा मी उलटा शिवीन."

तेवढ्यात भाऊजी उतरले. खांद्याला पिशवी, पिशवीतून डोकावणारा, वकीलबाईंकडून आणलेला दाव्याचा कागद. शेवटच्या पायरीवर थांबले.

"ताई... काय करतेस?"

"बेततेय."

"अगं, बाबांचं टेबल आहे ते!"

"बाबांचं घरही आहे. दोन्हीतलं एकच अख्खं राहणार, तर मी मोठं ते ठेवते. उभा काय राहिलास? त्या टोकाला बस, करवतीनं ते उडतंय."

"मी?"

"तू नाही तर काय कमिशनर? वजन आहे ना तुझं? आयुष्यात एकदा उपयोगी पड."

आणि आमचे भाऊजी, पँटला घडी असलेले, पिशवी मांडीवर घट्ट धरून टेबलावर चढून बसले! करवत चालायला लागली. भुसा उडाला, त्यांच्या बुटांवर पडला. टेबल थरथरलं की तेही थरथरायचे. जिन्यातून धाकटी आली आणि जिन्याचा कठडा धरून उभी राहिली. औषधवाला दुकान सोडून आला. मी हात जोडून उभी, कशासाठी ते मलाच माहीत नाही, जणू काही ऑपरेशन चाललंय.

कट्! तुकडा खाली पडला. वन्संनी वाकून कापलेली कड बोटानं तपासली. म्हणाल्या, "पॉलिश करून घे, कापड अडकेल."

भाऊजी उतरले नाहीत. तसेच बसून राहिले. मग पिशवीतला कागद काढला, आडवा फाडला, उभा फाडला. सुतारदादांनी भुशाची सुपली पुढे केली, त्यात टाकला. "ताई," ते म्हणाले, "बोळीची जागा तुझ्या दुकानातून गेली. तुझा वाटा कमी झाला. फरक मी भरून देतो. बँकेतून मिळाले की पहिले तुझे."

"पैसे नकोत," वन्सं म्हणाल्या. "भिंत तू बांध, तुझ्या खर्चानं. आणि बाहेरची पाटी. दुकान आणि तुझं नवं दार, दोन्हीवरून अख्खी माझी पाटी जाणार. कागदात लिहून. तुझ्या धंद्याची पाटी वर खिडकीत लाव."

"पण दार माझं—"

"सामाईक!" आम्ही सगळे एकदम ओरडलो.

वकीलबाईंनी वाटणीपत्र लिहिलं. तीन भाग, प्रत्येकाची चतुःसीमा, चौथी यादी सामाईक गोष्टींची, पाचवं कलम पाटीचं. पाटीचं कलम लिहिताना त्या म्हणाल्या, असं कलम त्यांनी आजवर कुठं घातलं नव्हतं. ह्यांनी आणि वन्संनी ते दुसऱ्या वकिलाला दाखवून आणलं. त्यानं फक्त एक ओळ वाढवली, की पुढे कोणी आपला वाटा विकला, तरी घेणाऱ्यावर जिन्याची आणि पाण्याची अट बंधनकारक.

नोंदणीच्या कार्यालयात खुर्च्या कमी, माणसं फार. आमचा नंबर येईपर्यंत वन्संनी समोरच्या कारकुनाच्या सदऱ्याचा उसवलेला खिसा तीनदा निरखला. तिघांचे फोटो झाले, अंगठे झाले. अधिकाऱ्यानं एकेकाला विचारलं, "कागद वाचलात? मजकूर मान्य आहे? स्वखुशीनं सही करताय?" हे "हो" म्हणाले. भाऊजी "हो" म्हणाले. वन्संनी मात्र कागद पुन्हा मागून घेतला, चौथी यादी बोटानं ओळ न् ओळ वाचली, रांगेतले लोक कुरकुरायला लागले तरी वाचली, आणि मग म्हणाल्या, "मान्य. आणि घालूनही बघितलंय." अधिकाऱ्याला काही कळलं नाही. साक्षीदार म्हणून मी आणि धाकटीनं सह्या केल्या. माझी सही एवढी वाकडी आली, की धाकटी म्हणाली, "जाऊबाई, पुढे कोणी विचारलं तर ही तुमचीच म्हणून ओळखाल का?"

बाहेर आल्यावर तिघं भावंडं पायरीवर उभी राहिली. काहीतरी मोठं झालं होतं, आणि रस्ता मात्र नेहमीसारखाच वाहत होता. मग वन्सं म्हणाल्या, "चला, मला दोन कोट द्यायचेत," आणि चालायला लागल्या.

भिंत झाली. बोळ झाली. दार बसलं, वर अख्खी पाटी गेली. वरची एक खोली भाऊजींच्या मालानं भरली. मी सकाळी दिवा लावते तेव्हा अजूनही एकदमच नमस्कार करते. देवाकडे नोंदणी झालेली नाही.

परवा मी दुकानात बसले होते. वन्संनी कोटाचं कापड पसरलं आणि त्याचं टोक टेबलाबाहेर लोंबायला लागलं. कापड ओघळलं की धागा तिरपा होतो. त्यांनी भिंतीवर मुठीनं दोनदा ठोकलं. बोळीतून भाऊजी आले, हातात कुलूप, धंद्याच्या घाईत.

"काय गं?"

"हे टोक धर. सरळ. ताणू नकोस."

भाऊजींनी कुलूप खिशात घातलं, टोक धरलं आणि विचारलं, "हे कुठल्या कलमात लिहिलंय?"

"कुठल्याच नाही," वन्सं म्हणाल्या. "हलू नकोस, कात्री लावतेय."